बग टाकताना त्यात काय काय असलंच पाहिजे: टीममधल्या नव्या टेस्टर मंडळींसाठी

परवा नवीन जॉइन झालेल्या दोघांनी विचारलं की बग रिपोर्टचं टेम्प्लेट कुठे मिळेल. टेम्प्लेट आहे, टूलमध्ये नवीन बग उघडला की समोरच येतं, पण त्यातले सगळे रकाने भरूनसुद्धा डेव्हलपरला काहीच कळत नाही असे रिपोर्ट मी भरपूर बघितलेत. म्हणून रकान्यांची यादी न देता आपल्याच प्रोजेक्टमधला एक बग घेतो, तो आधी कसा टाकला होता आणि नंतर कसा टाकला ते दाखवतो, त्यातून प्रत्येक गोष्ट का लागते ते आपोआप लक्षात येईल.

प्रोजेक्ट तुम्हाला माहितीच आहे, वाशी मार्केटला माल आणणाऱ्या एका ट्रान्सपोर्टवाल्यांचं गेट एंट्रीचं ॲप. गाडी गोडाऊनच्या गेटवर आली की वॉचमन फोनवर गाडी नंबर टाकतो, सेव्ह करतो, झाली एंट्री. गाडी बाहेर पडली की एक्झिट. आणि ऑफिसमधले लोक दुसऱ्या दिवशी रिपोर्ट काढून त्यावर हॉल्टिंग लावतात, म्हणजे गाडी जेवढे दिवस खोळंबली तेवढ्याचे पैसे.

तर गेल्या वर्षी एक बग आला. टायटल होतं, "तारीख चुकीची येते". खाली लिहिलं होतं, "गेट रिपोर्टमध्ये डेट बरोबर येत नाहीये, प्लीज चेक". सोबत एक स्क्रीनशॉट, त्यात फक्त तारखेचा रकाना कापून त्याच्याभोवती लाल गोल काढलेला. बस एवढंच.

महापेच्या ऑफिसात सकाळी साडेअकराला डेव्हलपरने तो उघडला, आठ एंट्र्या करून बघितल्या, आठही बरोबर, त्याने "माझ्याकडे येत नाही" लिहून बंद केला. टेस्टरने रात्री परत बघितलं, तिला परत चूक दिसली, तिने "अजून येतोय" लिहून पुन्हा उघडला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत तेच, परत बंद. तिसऱ्या दिवशी दोघं एकमेकांशी जेमतेम बोलत होते. दोघंही खरं बोलत होते, चूक कोणाच्याच कामात नव्हती, फक्त बग दिसायला जी परिस्थिती लागते ती रिपोर्टमध्ये कुठेच लिहिलेली नव्हती.

शेवटी मी तिला म्हटलं, तू तो फोटो कापला होतास ना, मूळचा आहे का गॅलरीत? तिने फोन काढला, मूळ स्क्रीनशॉट उघडला, आणि वरच्या पट्टीत घड्याळ होतं, २:४७. रात्रीचे पावणेतीन. ती नाइट सपोर्टला होती, ठाण्याला घरून काम करत होती, आणि मार्केटच्या गाड्या रात्रीच येतात म्हणून ती रात्रीच टेस्ट करत होती, जे अगदी बरोबर होतं. डेव्हलपर दिवसा बघत होता. आणि हा बग दिवसा येतच नाही.

कारण काय होतं ते सांगतो, पुढे लागेल. ॲप एंट्रीची वेळ यूटीसीमध्ये सेव्ह करतं. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे १२ तारखेच्या रात्रीचे २:४० झालेले असतात तेव्हा यूटीसीमध्ये अजून ११ तारीख आणि रात्रीचे ९:१० असतात. डेटाबेसमध्ये ते असं पडतं:

```
createdAt: "2025-03-11T21:10:00Z"
```

आता हे दाखवताना आधी आपल्या वेळेत आणायचं आणि मग तारीख काढायची. यादीच्या स्क्रीनवर तसंच केलं होतं. रिपोर्टच्या स्क्रीनवर मात्र कोणीतरी सरळ पहिली दहा अक्षरं कापून घेतली होती:

```
createdAt.slice(0, 10)
```

निघालं `2025-03-11`. एक दिवस मागे. मध्यरात्री बारापासून पहाटे ५:२९ पर्यंतची प्रत्येक एंट्री आदल्या दिवसात, आणि ५:३० ला सगळं सुरळीत. सकाळी अकराला तुम्ही शंभर एंट्र्या करा, एकही चुकणार नाही.

आता हाच बग नीट कसा टाकायचा ते एकेक करून बघू.

पहिलं: टाकायच्या आधी परत करून बघा, आणि मोजा

बग दिसला की लगेच टूल उघडू नका. आधी तेच परत करा, पाच वेळा तरी, आणि किती वेळा आला ते लिहा. "कधी कधी येतो" हे वाक्य शक्यतो लिहू नका, त्याऐवजी "५ पैकी ५ वेळा" किंवा "१० पैकी ३ वेळा" लिहा. दहापैकी तीनदा येत असेल तर तो बहुतेक वेळेवर, नेटवर्कवर किंवा डेटावर अवलंबून आहे आणि डेव्हलपर त्या दिशेने बघायला लागतो. पाचपैकी पाच असेल तर तो बिनधास्त स्टेप्स फॉलो करतो.

परत करताना एका वेळी एकच गोष्ट बदला, हे महत्त्वाचं. तारखेच्या बगमध्ये आम्ही आधी फोन बदलला, तरी आला. मग युजर बदलला, तरी आला. मग वेळ बदलली, गेला. सापडलं. तिन्ही एकदम बदललं असतं तर बग गेल्याचं दिसलं असतं पण कशामुळे गेला ते कळलं नसतं.

वेळ बदलायची तर रात्री जागायची गरज नाही. टेस्टच्या फोनवर सेटिंगमध्ये जाऊन ऑटोमॅटिक तारीख-वेळ बंद करा आणि हाताने २:४० लावा. हे आपल्या ॲपमध्ये चालतं कारण एंट्रीची वेळ फोनच लावतो, गेटवर नेटवर्क नसतं म्हणून तसं केलंय. ज्या ॲपमध्ये वेळ सर्व्हर लावतो तिथे फोनचं घड्याळ फिरवून काहीच होणार नाही, तिथे टेस्ट सर्व्हरची वेळ बदलून घ्यावी लागते. आणि घड्याळ फिरवलं असेल तर रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहा, कारण घड्याळ जास्त मागेपुढे केलं की लॉगिन उडू शकतं, सर्व्हरशी कनेक्शनही नाकारलं जाऊ शकतं, मग डेव्हलपर भलत्याच एररच्या मागे लागतो.

दुसरं: टायटलमध्ये कुठे, काय आणि कधी

"तारीख चुकीची येते" या टायटलने सर्च केलं तर आपल्या टूलमध्ये डझनभर बग निघतील. टायटल वाचूनच माणसाला चित्र दिसलं पाहिजे. नंतर आम्ही ते असं केलं:

"गेट रिपोर्ट: रात्री १२ ते पहाटे ५:३० मधल्या एंट्र्यांची तारीख एक दिवस आधीची दिसते"

कुठे, गेट रिपोर्ट. काय, तारीख एक दिवस मागे. कधी, रात्री १२ ते ५:३०. खरं सांगायचं तर हे टायटल वाचून डेव्हलपरला पुढचं काही वाचायचीच गरज पडली नाही, साडेपाच हा आकडा बघूनच त्याच्या डोक्यात आलं. हीच वेळ आधी कळली असती तर तीन दिवस वाचले असते.

नवा बग टाकायच्या आधी मात्र दोन-तीन वेगवेगळ्या शब्दांनी सर्च करा, "तारीख", "डेट", "गेट रिपोर्ट" असं. आधीच असेल तर त्यातच आपली माहिती जोडा.

तिसरं: कशावर दिसला

ॲपचं व्हर्जन आणि बिल्ड नंबर दोन्ही. फक्त "लेटेस्ट बिल्ड" असं लिहू नका, तुम्ही सकाळी लेटेस्ट म्हणता आणि दुपारी दुसरं येतं. आपल्या ॲपमध्ये मेनूच्या तळाशी `4.2.1 (318)` असं दिसतं, ते जसंच्या तसं उतरवा, कंसातला आकडा सोडू नका, कारण एकाच व्हर्जनचे चार-चार बिल्ड निघतात. सोबत फोनचं मॉडेल, अँड्रॉइड व्हर्जन, आणि कुठलं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे क्यूए की यूएटी की लाइव्ह. वेबवरचा बग असेल तर ब्राउझर आणि त्याचं व्हर्जन.

इथे अजून एक गोष्ट लिहिता आली तर फार उपयोगी पडते, ती म्हणजे आधीच्या कुठल्या बिल्डवर हे बरोबर चालत होतं. जुन्या बिल्डची फाइल ड्राइव्हवर असते, टाकून बघा. ३११ वर ठीक आणि ३१८ वर बिघडलं असं लिहिलंत की डेव्हलपर सगळा कोड न बघता फक्त त्या मधले बदल बघतो. दरवेळी वेळ मिळेलच असं नाही, पण पैशाशी संबंधित बग असेल तर एवढे कष्ट घ्याच.

चौथं: सुरुवात कुठून करायची आणि स्टेप्स

बहुतेकांचे रिपोर्ट इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्टेप्स लिहिताना आपण आपल्या फोनवर आधीच जे करून ठेवलेलं असतं ते लिहायचं विसरतो. आपण कुठल्या रोलने लॉगिन आहोत, फोनचा टाइमझोन काय आहे, आधी कुठला डेटा टाकलेला आहे, नेट चालू होतं की बंद. समोरच्याला हे काहीच माहीत नसतं. तो पनवेलच्या बसमध्ये बसलाय आणि तुम्ही ठाण्याहून सुरू झालेली लोकल समजावताय असं होतं. म्हणून स्टेप्सच्या आधी, सुरुवातीची परिस्थिती लिहा. दुरुस्त केलेल्या रिपोर्टमध्ये ती अशी होती:

"लॉगिन वॉचमन रोलने. फोनचा टाइमझोन भारत. ऑटोमॅटिक वेळ बंद, घड्याळ हाताने १२ मार्च, रात्री २:४० लावलं. नेट चालू. टेस्ट गाडी क्रमांक ३ ची आत कुठलीही एंट्री उघडी नाही."

आणि मग स्टेप्स:

१. नवीन एंट्री उघडा, टेस्ट गाडी क्रमांक ३ निवडा, सेव्ह करा.
२. एंट्री यादी उघडा, सगळ्यात वरच्या एंट्रीची तारीख बघा.
३. लॉगआउट करून ऑफिस रोलने लॉगिन करा.
४. गेट रिपोर्ट उघडा, ११ मार्च ते १२ मार्च निवडा.
५. त्याच एंट्रीची तारीख बघा.

एका ओळीत एकच काम. बटणावर जे नाव लिहिलंय तेच नाव वापरा, बटणावर "सेव्ह" असेल तर "सबमिट करा" लिहू नका, कारण आपल्याकडे एका स्क्रीनवर दोन्ही बटणं आहेत आणि त्यावरून खरंच एकदा अर्धा दिवस गेलाय. डेटा पण तोच लिहा जो तुम्ही टाकला, "कुठलीही गाडी" नाही. लिहून झालं की ॲपमधून पूर्ण बाहेर या आणि फक्त स्वतःचं लिहिलेलं वाचून परत करून बघा, मनाने काही करायचं नाही. जिथे अडाल तिथे एक ओळ राहिलेली आहे. त्याहून चांगलं म्हणजे शेजारी बसलेल्याला वाचायला द्या आणि आपण गप्प बसा.

पाचवं: काय दिसायला हवं होतं, काय दिसलं

दोन्ही लिहायचं, आणि आकड्यासकट. "तारीख बरोबर यायला हवी" यातून काहीच कळत नाही.

दिसायला हवं: १२ मार्च, रात्री २:४०.
दिसलं: ११ मार्च.

अपेक्षित काय ते कशावरून म्हणताय तेही एका वाक्यात सांगा, म्हणजे अमुक रिक्वायरमेंटमध्ये लिहिलंय, किंवा दुसऱ्या स्क्रीनवर तसं दिसतं, किंवा क्लायंटने फोनवर सांगितलं. नाहीतर डेव्हलपर म्हणतो की हे असंच ठरलं होतं, आणि मग मीटिंग.

आणि इथे मी माझ्या टीमला एक जास्तीचं लिहायला लावतो जे टेम्प्लेटमध्ये नाहीये, ते म्हणजे शेजारचं काय बरोबर आहे. या बगमध्ये तेच सगळ्यात कामाचं ठरलं. तीच एंट्री, यादीच्या स्क्रीनवर १२ मार्च आणि रिपोर्टमध्ये ११ मार्च. म्हणजे एंट्री सेव्ह होताना काही बिघडत नाहीये, डेटा बरोबर आहे, फक्त रिपोर्ट दाखवताना गडबड आहे. तुम्ही एक स्क्रीन जास्त उघडलीत आणि डेव्हलपरचं अर्धं शोधकाम संपलं. तसंच पहाटे ६ ची एंट्री बरोबर येते हेही लिहा. कुठे येतो आणि कुठे येत नाही, या दोन्हींच्या मधली रेघ म्हणजेच कारण असतं बऱ्याचदा.

तुमचा अंदाज असेल तर जरूर लिहा, पण वेगळ्या ओळीत, "माझा अंदाज" असं म्हणून. जे दिसलं त्यात अंदाज मिसळायचा नाही. आपल्याकडे सुरुवातीला त्या बगच्या चर्चेत कोणीतरी "फोनचा टाइमझोन चुकीचा असावा" लिहिलं आणि नंतरच्या दोघांनी ते झालेलंच आहे असं समजून फोन तपासत बसले.

सहावं: पुरावा

स्क्रीनशॉट पूर्ण द्या, कापू नका. वरच्या पट्टीत वेळ असते, नेटवर्क असतं, बॅटरी सेव्हर असतो, तुम्हाला बिनकामाचं वाटतं पण आपला बग त्या पट्टीनेच सापडला. गोल काढायचा तर काढा, पण पूर्ण चित्रावर. क्रमाने घडणारी गोष्ट असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग, पण अर्ध्या मिनिटाचं, पाच मिनिटांचं कोणी बघत नाही. आणि एरर मेसेज असेल तर फोटोबरोबरच तो टाइप करून किंवा कॉपी करून पण टाका, फोटोतला मजकूर सर्चमध्ये येत नाही.

ॲप बंद पडत असेल तर लॉग हवाच. फोन केबलने जोडा, आधी जुना लॉग साफ करा, मग बग करून बघा, लगेच लॉग काढा:

```
adb logcat -c
adb logcat -d > log.txt
```

दोन्हीच्या मध्ये फक्त बगच्या स्टेप्स करायच्या, म्हणजे फाइल छोटी राहते. बग किती वाजून किती मिनिटांनी झाला तेही लिहा, नाहीतर हजारो ओळींत शोधायचं कुठे. वेबवर असेल तर ब्राउझरमध्ये F12 दाबून `Network` टॅब उघडा, `Preserve log` वर टिक करा, स्टेप्स करा, आणि ज्या कॉलला गडबड वाटते त्याचा रिस्पॉन्स कॉपी करून जोडा. तारखेच्या बगमध्ये वर दिलेली ती `createdAt` ची एकच ओळ जोडली असती तरी पुरे होतं.

लाइव्हचा डेटा असेल तर काळजी घ्या. ड्रायव्हरचा मोबाइल नंबर, गाडीचा खरा नंबर, ओटीपी, हे झाकून मगच जोडा, आणि नेटवर्कची पूर्ण फाइल जोडत असाल तर त्यात लॉगिनचं टोकन जाऊ शकतं हे लक्षात ठेवा. ते टूल क्लायंटकडचे लोकही बघतात.

सातवं: किती गंभीर, आणि कोणाला त्रास

सिव्हिअरिटी तुम्ही लावायची, प्रायॉरिटी मी आणि क्लायंट मिळून ठरवतो. सिव्हिअरिटी म्हणजे नुकसान किती, प्रायॉरिटी म्हणजे आधी कशाला हात लावायचा. सगळ्यांवर "क्रिटिकल" लावलंत तर खरा क्रिटिकल त्यात हरवतो.

पहिल्या रिपोर्टमध्ये सिव्हिअरिटी "लो" होती, कारण एक तारीखच तर चुकतेय असं वाटलं. पण त्या तारखेवर पुढे काय होतं ते बघा. गाडी १२ ला रात्री २:४० ला आली, सकाळी ७ ला खाली होऊन गेली. रिपोर्टमध्ये आत ११, बाहेर १२. सिस्टिमने एक दिवसाचं हॉल्टिंग लावलं. प्रत्यक्षात गाडी साडेचार तास पण थांबलेली नाही. आणि मार्केटच्या गाड्या बहुतेक याच वेळेत येतात, म्हणजे हा बग रोज, जवळपास प्रत्येक गाडीला. हे दोन वाक्यांत लिहिलं आणि तो "लो" चा "हाय" झाला, त्याच दिवशी फिक्स निघाला. त्यामुळे हा रकाना भरताना स्क्रीनपुरतं बघू नका, तो आकडा पुढे कोण वापरतं ते विचारा, माहीत नसेल तर मला विचारा, मी सांगेन.

एका रिपोर्टमध्ये एकच बग, हे राहिलंच सांगायचं. रिपोर्टमध्ये तारीख चुकते आणि शिवाय प्रिंटचं बटण पण कापलं जातं, हे दोन वेगळे टाका, कारण दोन वेगळी माणसं करणार, वेगळ्या दिवशी बंद होणार.

फिक्स आल्यावर

त्याच रिपोर्टवर, त्याच स्टेप्सनी, नव्या बिल्डवर तपासा आणि बिल्ड नंबर लिहून बंद करा. फक्त २:४० करून समाधान मानू नका. आम्ही तेव्हा रात्री ११:५९, १२:००, पहाटे ५:२९, ५:३० आणि सकाळी ११ अशा पाच एंट्र्या केल्या, पाचही यादीत आणि रिपोर्टमध्ये जुळवल्या, मग महिनाअखेरची म्हणून ३१ मार्चच्या रात्री १२ नंतरची एक, जी १ एप्रिलमध्येच पडायला हवी. ती पडली, पण महिन्याच्या एक्सेल एक्स्पोर्टमध्ये तीच एंट्री अजून मार्चमध्ये दिसत होती, कारण तिथेही तीच दहा अक्षरं कापलेली होती. तो वेगळा बग म्हणून टाकला, पहिल्याला लिंक करून, आणि टायटल होतं, "महिना एक्स्पोर्ट: १ तारखेच्या रात्री १२ ते पहाटे ५:३० मधल्या एंट्र्या आधीच्या महिन्यात जातात".